विरोध नोंदवायचा, पण वाद परत उघडायचा नाही: एका बोर्ड मीटिंगच्या मिनिट्सची पूर्ण केस

मी मुंबईत सीएस, म्हणजे कंपनी सेक्रेटरी, म्हणून काम करते, आणि जी केस सांगतेय ती एका कुटुंबाच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीची आहे, प्लास्टिकच्या मोल्डिंगचं काम, ऑफिस गोरेगावात. ओळख पटू नये म्हणून आकडे, तारखा आणि जागा थोड्या बदलल्यात, बाकी घडलं तसंच आहे. ही पूर्ण लिहून काढायचं कारण म्हणजे डायरेक्टरचा विरोध मिनिट्समध्ये, म्हणजे मीटिंगच्या अधिकृत नोंदीत, कसा लिहायचा हे विचारणारे फोन मला सारखे येतात, आणि बहुतेकांना वाटतं की प्रश्न कायद्याचा आहे. कायदा तर एका वाक्यात संपतो. अवघड असतं ते ड्राफ्ट पाठवल्यानंतरचे सात दिवस, कारण मीटिंगमध्ये हरलेला आणि जिंकलेला असे दोघंही तेव्हा परत एकदा भांडायला बसतात, फक्त या वेळी तोंडाने नाही तर ट्रॅक चेंजेस लावून.

बोर्डावर पाच जण. चेअरमन थोरले, त्यांना सगळे आप्पा म्हणतात. एमडी त्यांचा पुतण्या, त्यांना सगळे भाऊ म्हणतात. भाऊंची बायको, म्हणजे सगळ्यांच्या वहिनी, अकाउंट्स बघतात. चुलत बहीण ताई पुण्याला असते, ती व्हिडिओवरून जॉइन होते. आणि पाचवे एक निवृत्त बँकर, घरचे नाहीत, नॉन-एक्झिक्युटिव्ह, म्हणजे कंपनीचं रोजचं काम न बघणारे, त्यांना सगळे सर म्हणतात.

१२ जूनच्या मीटिंगमध्ये सहावा विषय होता भिवंडीला तयार गोदाम विकत घ्यायचा. किंमत ८.६ कोटी, त्यातले ६ कोटी बँकेचं टर्म लोन, बाकी कंपनीचे स्वतःचे पैसे. ठरावात भाऊंना ४० लाखांपर्यंत टोकन द्यायचा अधिकार होता, आणि ते जूनअखेरपर्यंत द्यायचा भाऊंचा विचार होता. सरांचे आक्षेप दोन. व्हॅल्युएशन रिपोर्ट एकच होता आणि तो ब्रोकरने आणून दिलेला, आणि वकिलाचा टायटल सर्च रिपोर्ट, म्हणजे जागेच्या मालकीच्या तपासणीचा अहवाल, हातात यायच्या आधी टोकन का द्यायचं. भाऊ म्हणाले दुसरा गिऱ्हाईक उभा आहे, थांबलो तर जागा जाईल. पंचवीस एक मिनिटं हेच चाललं, मग आप्पांनी विचारलं कोणाचा विरोध आहे का, सर म्हणाले, "माझा आहे, लिहून घ्या," बाकीचे हो म्हणाले, आणि आप्पांनी पुढचा विषय घेतला, कारण साडेसहा वाजत आले होते आणि हायवेला निघायची सगळ्यांनाच घाई.

इथेच पहिली चूक झाली, आणि त्यात माझाही वाटा आहे. एक जण जरी व्हिडिओवरून हजर असेल तर २०१४ च्या बोर्ड मीटिंगच्या नियमांमधला नियम ३ लागू होतो, आणि तो स्पष्ट सांगतो की एखाद्या विषयाला कोणी हरकत घेतली आणि मतदानाची वेळ आली तर चेअरमनने एकेकाचं नाव पुकारून मत घ्यायचं, आणि प्रत्येक विषय संपला की काय ठरलं ते सारांशात जाहीर करायचं, विरोध करणाऱ्यांच्या नावासकट. आप्पांनी सगळ्यांना मिळून एकदम विचारलं आणि शेवटी जाहीर काहीच केलं नाही. मी तिथेच म्हणायला हवं होतं, "आप्पा, एक मिनिट, सरांचा विरोध कसा लिहायचा तो वाचून दाखवते." तीस सेकंदांचं काम होतं. दोन वाक्यं त्यांच्यासमोर लिहायची, मोठ्याने वाचायची, सर हो म्हणाले की संपलं, त्यावर कोणी काही बोलायचं नाही. ते राहून गेलं म्हणून पुढचे तीन आठवडे गेले.

आता कायद्यात काय आहे ते आधी सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. कंपनी कायदा २०१३ च्या सेक्शन ११८(४) प्रमाणे प्रत्येक ठरावाखाली त्याला विरोध करणाऱ्या किंवा सहमत नसलेल्या डायरेक्टरांची नावं यायलाच हवीत. म्हणजे नाव सक्तीचं, पण कारणाबद्दल तिथे काही म्हटलेलं नाही. कारण येतं ते सेक्रेटेरियल स्टँडर्ड १ मधून, म्हणजे एसएस-१, बोर्ड मीटिंगसाठीचे ठरलेले नियम, त्यात असं आहे की एखाद्या डायरेक्टरने स्वतः आग्रह धरला तर त्याचं म्हणणं मिनिट्समध्ये घ्यायचं, मात्र ते कोणाची बदनामी करणारं, विषयाशी संबंध नसलेलं किंवा कंपनीच्या हिताला बाधक नसावं, आणि ते तसं आहे की नाही हे चेअरमनने ठरवायचं. हीच तीन कारणं सेक्शन ११८(५) मध्ये आहेत, आणि पुढच्या पोटकलमात चेअरमनचा याबाबतचा अधिकार संपूर्ण आहे असंही म्हटलंय. बरेच चेअरमन हे वाचून समजतात की विरोधच गाळता येतो, पण तसं नाहीये. हा अधिकार मजकुरापुरता आहे, विरोध झाला ही गोष्ट आणि कोणी केला हे नाव त्याच्या कात्रीत येत नाही.

मग माझा पहिला ड्राफ्ट. मी २० जूनला पाठवला, एसएस-१ प्रमाणे पंधरा दिवसांच्या आत पाठवायचा असतो, त्या हिशोबाने वेळेत होता. त्यात सहाव्या विषयाखाली मी असं लिहिलं होतं (मूळ इंग्रजीत होतं, इथे मराठीत देते): "सरांनी मूल्यांकन व टोकन याबाबत काही मुद्दे उपस्थित केले. एमडींनी त्यावर सविस्तर स्पष्टीकरण देऊन त्यांचं समाधान केलं. चर्चेअंती ठराव मंजूर झाला, सरांचा विरोध नोंदवण्यात आला."

हे वाक्य मी वर्षानुवर्षं टेम्प्लेटमधून उचलत आलेय आणि त्यात काय चुकतंय ते त्या दिवशी कळलं. समाधान झालं असतं तर सरांनी विरोध कशाला केला असता? एकाच परिच्छेदात माणूस समाधानी पण आहे आणि विरोधात पण आहे. पुढे कधी कोणी ही मिनिट्स वाचली, म्हणजे बँक, ऑडिटर, किंवा कोर्ट, तर त्यांना सरांची शंका फिटली होती असंच वाटणार. आणि "काही मुद्दे" हे शब्द तर काहीच सांगत नाहीत. सर चिडले ते बरोबरच होतं.

२५ जूनला त्यांच्या कॉमेंट्स आल्या. पूर्ण तीन पानं, सेपरेट डिसेंट नोट, म्हणजे विरोधाची वेगळी टिपण, म्हणून, आणि वर लिहिलं होतं की ही जशीच्या तशी मिनिट्समध्ये टाका. दुसऱ्या दिवशी भाऊंच्या कॉमेंट्स आल्या, त्यांनी सरांची नोट बघितली होती कारण सरांनी सगळ्यांना रिप्लाय ऑल केला होता, आणि भाऊंनी प्रत्येक मुद्द्याखाली आपलं उत्तर टाकलं होतं, शिवाय एक वाक्य की सरांना या धंद्याचा अनुभव नाही. म्हणजे गोदामाची चर्चा परत पहिल्यापासून सुरू.

मी काय केलं तर दोन्ही कागद बाजूला ठेवले आणि मीटिंगचं रेकॉर्डिंग काढलं. व्हिडिओवरची मीटिंग असली की रेकॉर्डिंग करावं लागतं आणि निदान त्या वर्षाचं ऑडिट पूर्ण होईपर्यंत ते सांभाळून ठेवावं लागतं. मी ते फक्त एकाच प्रश्नासाठी ऐकलं, हे वाक्य त्या दिवशी, त्या विषयावर बोललं गेलं का? कोण बरोबर होतं, कोणाचा युक्तिवाद जास्त पटतो, हे माझं काम नाही आणि चेअरमनचंही मिनिट्सच्या टप्प्यावर नाही. रेकॉर्डिंग लावून शब्दन्शब्द उतरवायचाही नाही, मिनिट्स म्हणजे भाषणाची प्रत नव्हे, सेक्शन ११८(२) प्रमाणे कामकाजाचा न्याय्य आणि बरोबर सारांश. शब्दन्शब्द उतरवलं की दोघंही प्रत्येक वाक्यावर "मला तसं म्हणायचं नव्हतं" सुरू करतात.

सरांच्या तीन पानांत मला चार प्रकारचा मजकूर सापडला. पहिला, त्यांचे मूळ दोन आक्षेप, एका व्हॅल्युएशनचा आणि टोकनचा. हे रेकॉर्डिंगमध्ये स्वच्छ होते. दुसरा, २०१९ साली एका मशीनच्या खरेदीत त्यांनी दिलेला सल्ला आणि तो न ऐकल्याने काय झालं, जवळजवळ एक पान. याचा गोदामाशी संबंध नाही आणि त्या दिवशी हे निघालंही नव्हतं. तिसरा, एक वाक्य की ब्रोकर भाऊंचा कॉलेजचा मित्र असल्याने "या व्यवहारात कोणाचं भलं होतंय ते बोर्डाने बघावं." चौथा, एक नवीन माहिती, की त्या गोदामाला ओसी म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र नसावं असं त्यांना भिवंडीतल्या एका ओळखीच्याने मीटिंगनंतर सांगितलं.

तिसऱ्या वाक्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. रेकॉर्डिंगमध्ये काय होतं तर सरांनी विचारलं, "हा ब्रोकर कोणाच्या ओळखीचा?" आणि भाऊ म्हणाले, "माझ्या." एवढंच. भलं कोणाचं वगैरे कोणी बोललं नव्हतं, आणि ते लिहिलं असतं तर बदनामीकारक म्हणून आप्पांनी गाळलं असतं, त्यांना तो अधिकार आहे. पण पूर्ण गाळून टाकणं पण चूक ठरलं असतं, कारण रिपोर्ट ब्रोकरकडून आलाय हाच सरांच्या आक्षेपाचा गाभा आहे, तो काढला तर "दुसरा रिपोर्ट हवा" हे म्हणणं उगाच अडून बसल्यासारखं दिसतं. म्हणून मी टोमणा काढला आणि वस्तुस्थिती ठेवली, की रिपोर्ट ब्रोकरमार्फत आलाय. मित्र आहे की नाही हे मिनिट्सला नको. भाऊंचा त्या व्यवहारात पैशाचा काही हितसंबंध असता तर गोष्ट वेगळी, त्यासाठी सेक्शन १८४ प्रमाणे त्यांनी स्वतः जाहीर करायचं असतं आणि त्याची नोंद वेगळी होते, ती कोणाच्या डिसेंटच्या आडून होत नाही.

मग चौथा, ओसीचा. लोक इथे हमखास चुकतात, आणि दोन्ही बाजूंनी चुकतात. काही जण म्हणतात महत्त्वाचं आहे ना, मग घ्या मिनिट्समध्ये. नाही घेता येत, कारण १२ जूनच्या मीटिंगमध्ये ते बोललं गेलं नव्हतं, आणि मिनिट्स पुढे पुरावा म्हणून वापरल्या जातात, त्यात नंतर कळलेली गोष्ट घातली की बाकीच्या चार जणांनी ओसी नाही हे ऐकून सुद्धा हो म्हटलं असं रेकॉर्ड तयार होतं, आणि ते खोटं आहे. दुसरे काही जण म्हणतात मीटिंगमध्ये नव्हतं ना, मग सोडून द्या, सप्टेंबरच्या मीटिंगला बघू. हेही भयंकर, कारण ३० जूनपर्यंत ४० लाख जाणार होते, आणि भिवंडीत बिनपरवानगी गोदामांचा प्रश्न कोणाला माहीत नाही असं नाही. म्हणून मी सरांना सांगितलं की हा मुद्दा नोटमधून काढून आजच्या आज आप्पांना स्वतंत्र पत्र म्हणून पाठवा, कॉपी सगळ्या डायरेक्टर्सना, विषय फक्त ओसी. ते पत्र २६ तारखेला संध्याकाळी गेलं. आप्पांनी भाऊंना सांगितलं की वकिलाच्या सर्चमध्ये ओसी बघायला सांगा आणि रिपोर्ट येईपर्यंत टोकन थांबवा. ठराव तसाच राहिला, त्यात "४० लाखांपर्यंत द्यायचा अधिकार" होता, द्यायलाच पाहिजे असं नव्हतं, म्हणून त्यासाठी बोर्ड परत बोलवावं लागलं नाही.

सरांना समजवायला मी त्यांच्या घरी पार्ल्याला गेले, फोनवर हे नीट होत नाही असा माझा अनुभव आहे. ते म्हणाले, "मॅडम, उद्या काही झालं तर माझ्याकडे ही तीन पानं असली पाहिजेत." त्यांची काळजी खरी होती. कायद्यात ऑफिसर इन डिफॉल्ट, म्हणजे कायदा मोडला तर जबाबदार, कोण याच्या व्याख्येत, सेक्शन २(६०) मध्ये, असा डायरेक्टरही येतो ज्याला बोर्डाच्या कामकाजातून उल्लंघन कळलं आणि हरकत न घेता तो त्यात सहभागी झाला. आणि नॉन-एक्झिक्युटिव्ह डायरेक्टरची जबाबदारी सेक्शन १४९(१२) मध्ये मर्यादित आहे, त्याला माहीत होतं आणि त्याची संमती किंवा संगनमत होतं, किंवा त्याने काळजीपूर्वक काम केलं नाही, अशा गोष्टींपुरती. म्हणून हरकत घेतली होती हे दिसणं त्यांच्यासाठी फार मोलाचं. पण त्यासाठी लागतं काय? नाव, कशाला विरोध, आणि त्या दिवशी सांगितलेलं कारण. मी त्यांना म्हटलं, "सर, तीन पानांत २०१९ चं मशीन आणि भाऊंचा मित्र असेल तर वाचणारा म्हणेल जुनी भांडणं आहेत यांची. चार ओळींत दोन कारणं असली तर म्हणेल हा माणूस रिपोर्ट मागत होता." ते बँकेत चाळीस वर्षं होते, क्रेडिट नोट्स त्यांनी आयुष्यभर वाचल्यात, त्यांना हे पटलं.

त्यांनी दोन गोष्टी मागितल्या. एक, "तीव्र विरोध" असं लिहा. मी नको म्हटलं, कायद्यात तीव्र आणि सौम्य असा विरोध नसतो, आणि एक विशेषण घेतलं की भाऊ त्यांचं विशेषण मागणार. दुसरी, नोट निदान सोबत जोडा. याला पण मी नाही म्हटलं. मीटिंगमध्येच ती नोट मांडली असती, तिथेच बोर्डापुढे ठेवली असती, तर मिनिट्समध्ये तिचा उल्लेख करून, सीएस किंवा चेअरमनने तिच्यावर सही-इनिशियल करून ती ओळखीला ठेवता येते, एसएस-१ मध्ये तशी सोय आहे. पण नंतर लिहिलेली नोट जोडली की भाऊंची उत्तरं पण जोडायला लागतील, मग त्यावर सरांचं प्रत्युत्तर, आणि मिनिट्स बुक पत्रव्यवहाराची फाइल होते. ज्यांना सविस्तर डिसेंट द्यायचाय त्यांनी तो छापून मीटिंगला घेऊन यावा, एवढं मी आता प्रत्येक नॉन-एक्झिक्युटिव्ह डायरेक्टरला पहिल्या भेटीतच सांगते.

भाऊंशी बोलणं त्याहून अवघड गेलं, कारण जिंकलेल्या माणसाला वाटतं आपलं म्हणणं शेवटी यावं. त्यांच्या उत्तरांपैकी मीटिंगमध्ये एकच आलं होतं, दुसरा गिऱ्हाईक उभा असल्याचं. तेवढं मी घेतलं, एका वाक्यात, विशेषणाशिवाय. आणि क्रम बदलला. पहिल्या ड्राफ्टमध्ये आधी सरांचे मुद्दे आणि मग भाऊंचं स्पष्टीकरण होतं, तसं असलं की विरोधाला उत्तर मिळालं असं वाटतं. नवीन मजकुरात भाऊंचं म्हणणं प्रस्तावाच्या भागात गेलं, सरांचा विरोध त्यानंतर, आणि विरोधानंतर फक्त मतांचा निकाल. विरोध आणि निकाल यांच्यामध्ये कोणाचंही वाक्य यायचं नाही. धंद्याचा अनुभव नाही हे वाक्य तर त्या दिवशी बोललंच गेलं नव्हतं, ते गेलं. भाऊ म्हणाले, "म्हणजे मी गप्प बसलो असं दिसणार." मी म्हटलं तुमचा ठराव पास झालाय, ते खाली लिहिलेलंच आहे.

ताईंचा एक छोटा पण महत्त्वाचा भाग राहिला. सरांच्या नोटमध्ये होतं की ताईंनीही शंका घेतली. रेकॉर्डिंगमध्ये ताई म्हणाल्या होत्या, "सरांचं मला बरोबर वाटतंय थोडं," आणि मग मताच्या वेळी, "हो, चालेल." हा विरोध नाही. तटस्थही नाही, हे बाजूने मत आहे. तटस्थ राहिलेल्याचं नाव पण मिनिट्समध्ये घ्यावं लागतं म्हणून हा फरक नीट ठरवायलाच हवा. मी ताईंना फोन केला, पण प्रश्न काळजीपूर्वक विचारला, "ताई, सहाव्या विषयाला तुमचं मत ठरावाच्या बाजूने होतं, बरोबर?" त्या हो म्हणाल्या. "तुम्हाला काय वाटतं" असं विचारलं असतं तर त्या परत विचार करायला लागल्या असत्या आणि मत कदाचित बदललं असतं, आणि झालेल्या मीटिंगमधलं मत फोनवर बदलता येत नाही. त्यांनी शंका लिहून घ्या असा आग्रहही धरला नव्हता, म्हणून ती आली नाही.

शेवटी जे लिहिलं गेलं ते असं:

"एमडींनी भिवंडी येथील गोदाम ८.६ कोटी रुपयांना विकत घेण्याचा प्रस्ताव मांडला, त्यापैकी ६ कोटी बँकेच्या मुदत कर्जातून उभे करायचे होते. दुसरा खरेदीदार तयार असल्याने टोकन लांबवता येणार नाही असं त्यांनी सांगितलं. सरांनी ठरावाला विरोध केला आणि त्याची कारणं नोंदवण्याचा आग्रह धरला. मूल्यांकन अहवाल एकच असून तो ब्रोकरमार्फत आलेला आहे, म्हणून कंपनीने स्वतः नेमलेल्या मूल्यांककाचा अहवाल आधी घ्यावा, आणि टायटल सर्च रिपोर्ट येण्यापूर्वी टोकन देऊ नये, असं त्यांचं म्हणणं होतं. ठराव ४ विरुद्ध १ मताने मंजूर झाला. विरोध करणारे संचालक:" आणि पुढे सरांचं पूर्ण नाव.

एक जागा मी दोनदा तपासली. आमच्या ठरावाच्या नमुन्यात "सर्वानुमते मंजूर" हे शब्द आधीपासून टाइप केलेले असतात, आणि बँकेला द्यायची सर्टिफाइड कॉपी त्याच नमुन्यातून निघते. बँकेला ठरावाचा मजकूर दिला की पुरतं, डिसेंटचा परिच्छेद द्यायलाच हवा असं नाही, पण त्या कॉपीवर "सर्वानुमते" राहिलं तर आपण सही करून खोटं सर्टिफिकेट देतोय. माझ्या ड्राफ्टमध्ये ते शब्द होते. काढले.

आणि ही केस कुठे लागू पडत नाही तेही सांगते, कारण यावर एक सीएस मित्र पूर्वी अडकलेत. इथे बहुमताने काम झालं कारण जागा खरेदीला आणि कर्ज घ्यायला बोर्डाचं बहुमत चालतं. तोच विषय दुसऱ्या कंपनीला कर्ज द्यायचा किंवा गॅरंटी द्यायचा असता, तर सेक्शन १८६(५) मध्ये हजर असलेल्या सगळ्या डायरेक्टर्सची संमती लागते, आणि मग सरांचा एक विरोध म्हणजे ठराव नापास. तिथे "४ विरुद्ध १ ने मंजूर" असं व्यवस्थित नोंदवणं म्हणजे ठराव बेकायदा आहे याचा पुरावा स्वतःच्या हाताने लिहिणं. म्हणून विरोध कसा लिहायचा याच्या आधी या ठरावाला किती मतं लागतात ते बघायचं, मीटिंगमध्येच, नंतर ड्राफ्ट करताना नाही.

बदललेला तेवढाच परिच्छेद मी सगळ्यांना पाठवला, पूर्ण मिनिट्स नाही, कारण पूर्ण पाठवलं की लोक सगळंच परत वाचून कॉमेंट करतात. १० जुलैला मिनिट्स बुकात चढवली, मीटिंगपासून तीस दिवसांची मुदत १२ ला संपत होती.

४ सप्टेंबरच्या मीटिंगला अजेंड्यावर दुसरा विषय होता, मागच्या मिनिट्सची नोंद घेणे. मी आप्पांना आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं की या विषयाला प्रश्न एकच विचारायचा. सरांनी सुरुवात केली, "मी त्या दिवशी जे म्हणालो होतो त्याबद्दल..." आप्पा म्हणाले, "सर, पान तीनवरचा परिच्छेद तुम्ही म्हणालात तसा आहे ना?" सर म्हणाले आहे. "मग नोंद घेतली, पुढे." अर्धा मिनिटसुद्धा गेला नाही.

तोवर वकिलाचा रिपोर्ट आला होता, ओसीचे कागद विक्रेत्याने दाखवले होते, दुसरं व्हॅल्युएशन भाऊंनी आपणहून करून घेतलं होतं आणि टोकन ऑगस्टमध्ये गेलं होतं. मीटिंग संपताना भाऊंनी विचारलं, "मॅडम, आता सगळे कागद आलेत, सरांना पण मान्य आहे, मग तो जूनचा विरोध काढून टाकूया का? बँकवाले वाचतील." सर पण म्हणाले, माझी हरकत नाही. मी नाही म्हटलं. १२ जूनला त्यांनी विरोध केला होता ही गोष्ट सप्टेंबरमध्ये कागद आल्याने बदलत नाही, आणि नोंदवहीत चढलेल्या मिनिट्समधली दुरुस्ती बोर्डाच्या मंजुरीने करता येते ती चुकीची नोंद सुधारायला, बरोबर नोंद पुसायला नाही. मिनिट्समध्ये फेरफार केला तर सेक्शन ११८(१२) प्रमाणे दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास आहे. सप्टेंबरच्या मिनिट्समध्ये मी वेगळ्या विषयाखाली लिहिलं की टायटल रिपोर्ट, ओसी आणि दुसरं व्हॅल्युएशन बोर्डापुढे ठेवलं आणि सर्व संचालकांनी त्याची नोंद घेतली. जूनचं पान तीन तसंच आहे.